आधी पाणी, मग ॲसिड



सारांशलेखनाचा अभ्यास आपण आतापर्यंत वैचारिक उताऱ्यांच्या आधारे केला. उतारा दोनदा वाचावा, मुख्य मुद्दे अधोरेखित करावेत, दृष्टान्त आणि पुनरुक्ती गाळावी व मूळ मजकुराच्या सुमारे एकतृतीयांश शब्दांत आशय मांडावा, ही पद्धत आता आपल्या हातात बसली असेल. प्रस्तुत लेखात ज्या सारांशाविषयी लिहावयाचे आहे, तो या पद्धतीने होत नाही. किंबहुना या पद्धतीने तो केला तर धोकादायक होतो, असे माझे मत आहे. हा सारांश म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लावावयाचा सुरक्षिततेचा फलक.

मराठीच्या विद्यार्थ्यांचा रसायनशास्त्राशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. महाडच्या परिसरात शिकवणाऱ्याला तो येत नाही. आपल्यापैकी कित्येक जण दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करणारे आहेत. कोणी शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे, कोणी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पाळीवर जाते, कोणी महाविद्यालयाच्या कार्यालयात टंकलेखन करते. रसायनांविषयीची सूचना 'जरा चांगल्या मराठीत लिहून द्या' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ते काम शेवटी आपल्याकडेच येते. माझ्याकडेही ते तसेच आले. एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी चौदा पानांचा दस्तऐवज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, मुलं हा वाचत नाहीत. एका पोस्टरवर बसेल एवढा करून द्या."

तो दस्तऐवज वाईट नव्हता. रसायने कोठे ठेवावीत, कोणती एकमेकांशेजारी ठेवू नयेत, गॅसची नळी केव्हा बदलावी, अग्निशामक कधी तपासावा, अपघाताची नोंद कोणी करावी, हे सारे त्यात होते. भाषा मात्र सरकारी परिपत्रकाची होती. त्यातील एक वाक्य देतो : 'संहत आम्लामध्ये पाणी मिसळण्यात येऊ नये, त्याऐवजी पाण्यामध्ये आम्ल सावकाश मिसळण्यात यावे.' वाक्य शुद्ध आहे, आशयही अचूक आहे. तरीही अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून एस.टी.ने आलेल्या मुलीच्या उपयोगाचे ते नाही. ते का नाही, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम या नियमामागचे कारण समजून घेऊ. प्रयोगशाळेतील तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सुमारे ९८ टक्क्यांचे असते आणि पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून अधिक जड असते. ते पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. ॲसिडावर पाणी ओतले, तर हलके पाणी वरच राहते; दोहोंच्या सीमेवर सारी उष्णता एकवटते, तेथील पाणी क्षणात उकळते आणि उसळताना ॲसिडाचे थेंब बरोबर घेऊन बाहेर उडते. ओतणाऱ्याचा चेहरा त्याच वेळी चंचुपात्रावर झुकलेला असतो. उलट, भरपूर पाण्यात थोडे ॲसिड सोडले तर ते खाली बुडते, ढवळल्याने पसरते आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. भांडे गरम होते, पण उसळत नाही. म्हणजे दोन्ही कृतींत पदार्थ तेच आणि प्रमाणही तेच. फक्त क्रम बदलला की डोळा जातो.

आता पुन्हा त्या वाक्याकडे वळू. 'आम्लामध्ये पाणी' आणि 'पाण्यामध्ये आम्ल' या दोन शब्दजोड्यांत भेद करणारी एकच खूण आहे, ती म्हणजे 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय कोणत्या नामाला लागले आहे. दोन्ही नामे दोन्हीकडे आहेत. घाबरलेल्या किंवा घाईतल्या वाचकाच्या स्मरणात नामे राहतात, त्यांना चिकटलेले प्रत्यय आणि अव्यये निसटतात. शिवाय वाक्याच्या आरंभी जे चित्र उभे राहते, ते करू नये त्या कृतीचे असते. 'येऊ नये' हे फार उशिरा येते. मी पहिला खर्डा केला तेव्हा निषेधाचा भाग गाळला आणि लिहिले, 'पाण्यात आम्ल घाला.' शब्द बारांवरून तीनवर आले आणि मी समाधान पावलो. फलक दोन मिनिटे दाखवून, झाकून, मुलांना विचारले तेव्हा काहींनी नियम उलटा सांगितला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी वाक्य लहान केले होते, पण त्यातील जोखमीची जागा तशीच ठेवली होती.

दुसरा खर्डा असा झाला : 'आधी पाणी, मग ॲसिड.' येथे विभक्तीवर काहीच अवलंबून नाही. शब्दांचा क्रम तोच हातांचा क्रम आहे. आपण घरात सूचना देतो त्याच वळणाचे हे वाक्य आहे. आधी फोडणी, मग भाजी, असे सांगताना कोणी अधिकरणाचा प्रत्यय वापरत नाही. मराठीत क्रियापद गाळूनही आज्ञा पुरी होते, या सोयीचा फायदा प्रशासकीय गद्याने कधी घेतला नाही. त्यापुढे 'हळूहळू, ढवळत' एवढे दोन शब्द जोडले, कारण पाण्यात ॲसिड एकदम ओतले तरी भांडे तडकू शकते.

'आम्ल' जाऊन 'ॲसिड' आले, याचे काही वाचकांना वाईट वाटेल. मलाही थोडे वाटले. 'संहत', 'विरल', 'आम्ल', 'आम्लारी' हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांनी घडवले आणि ते टिकावेत असे मला मनापासून वाटते. परंतु फलकाचा शब्द बाटलीवरच्या शब्दाशी जुळला पाहिजे. बाटलीवर इंग्रजीत नाव आणि H2SO4 हे सूत्र असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसतो आणि पहिल्याच आठवड्यात 'ॲसिड' म्हणू लागतो. त्याने फलकावर 'संहत आम्ल' वाचून बाटलीशी त्याची सांगड घालावी, ही अपेक्षा भाषाशिक्षणाच्या तासाला ठीक आहे. ओढणीवर थेंब पडलेल्या क्षणी ती ठीक नाही.

येथे माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. उताऱ्याचा सारांश करताना आपण विचारतो, यातील महत्त्वाचे काय? फलकासाठी हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण चौदा पानांतील प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. विचारायला हवे ते असे : हे कोणी करायचे आहे, आणि केव्हा? गॅसची नळी बदलणे महत्त्वाचे आहे, पण ते परिचराचे काम आहे आणि सत्राच्या आरंभी करावयाचे आहे. रसायनांची मांडणी प्राध्यापकांच्या अखत्यारीतील आहे. अपघाताची नोंद कार्यालयात होते. हे सारे वगळल्यावर उरते ते फक्त विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने, त्या खोलीत, त्या वेळी करावयाचे. त्यातूनही जे शिक्षक शेजारी उभे राहून सांगू शकतात, ते गाळता येते. राहते ते, ज्या वेळी कोणाला विचारायला सवडच नसते असे. चौदा पाने अशा रीतीने सहा ओळींवर आली. वाक्ये आखडून ती कधीच आली नसती.

ही गाळणी सोपी नव्हती. प्राध्यापकांचा आक्षेप रास्त होता : "उद्या काही झालं आणि ते फलकावर नव्हतं, तर जबाबदार कोण?" या प्रश्नाला टाळून पुढे जाऊ नये. माझे उत्तर असे की, दस्तऐवज आणि फलक यांचे मालकच वेगळे आहेत. दस्तऐवज संस्थेचे रक्षण करतो, त्यात सर्व काही असलेच पाहिजे आणि तो वाचून विद्यार्थ्याने व पालकांनी सही केली पाहिजे. फलक मुलाचे रक्षण करतो. दोन्ही कामे एकाच कागदाकडून करून घेण्याच्या हट्टातून बेचाळीस कलमांचे ते फलक जन्माला येतात, जे भिंतीवर असतात आणि कोणाच्या डोळ्यांत नसतात. कारखान्यांच्या बाबतीत १९४८ च्या अधिनियमाने, सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक व सोयीच्या जागी लावाव्यात, असे म्हटले होते. भाषा आणि जागा या दोन गोष्टी कायद्याला सुचल्या. लांबीविषयी मात्र कोणी बोलले नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या स्फोटाची बातमी ज्या घरांत अजून बोलली जाते, त्या घरांतील मुले या प्रयोगशाळेत येतात. त्यांना धोका असतो हे सांगावे लागत नाही. पहिल्या मिनिटात हात कोठे न्यायचा, एवढेच सांगावे लागते.

दुसरा नियम पाहू. मूळ दस्तऐवजात होते : 'त्वचेवर अथवा डोळ्यांत रसायन गेल्यास तो भाग भरपूर पाण्याने स्वच्छ धुण्यात यावा.' या वाक्यातील दोष 'भरपूर' या शब्दात आहे. भरपूर म्हणजे किती? मुलांना विचारले तर कोणी म्हणते दोन तांबे, कोणी म्हणते जळजळ थांबेपर्यंत. वास्तविक वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे धरावे लागते, आणि डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्या लागतात. जळजळ थोडी कमी झाली की मूल नळाखालून हात काढते; ॲसिड मात्र त्वचेत राहिलेले असते. म्हणून फलकावर आले : 'अंगावर ॲसिड? लगेच नळाखाली. १५ मिनिटे. घड्याळ बघा.' 'घड्याळ बघा' हे दोन शब्द वाढवल्याबद्दल मला कोणी दोष देईल, पण पंधरा मिनिटे ही मनाने मोजता येणारी गोष्ट नाही. वेदनेत तीन मिनिटेच पंधरा वाटतात. खाण्याचा सोडा लावण्याची पूर्वापार सवयही येथे मुद्दाम उल्लेखली नाही. सोडा शोधण्यात जो वेळ जातो तोच वेळ इजेचा असतो, आणि डोळ्यात तर सोडा कधीच घालू नये. शिक्षकांनी ते तोंडी सांगावे. फलकावर 'सोडा' हा शब्द दिसला तर मुलांची नजर आधी सोड्याचीच बरणी शोधील.

येथवर मी भाषेवर खूश होतो. मग परिचरांनी एक साधा प्रश्न विचारला : "सर, एप्रिलमध्ये नळाला पाणी कुठे असतं?"

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्यात काय होते ते आपण २०२१ च्या जुलैत पाहिले. गावात पुरुषभर पाणी आणि डोंगरांवर दरडी. याच पोलादपूरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हेही आपण दरवर्षी पाहतो. नळ मिनिटाला पाचसहा लिटर देत असेल, तर १५ मिनिटांना ७५ ते ९० लिटर पाणी लागते. टाकी सकाळीच आटली असेल तर माझे सुबक वाक्य खोटे आहे. खोटा नियम हा नियम नसण्यापेक्षा वाईट, कारण मूल धावत नळाकडे जाणार आणि कोरड्या तोटीपाशी थांबणार. ही त्रुटी कोणत्याही शब्दाने भरून निघणारी नव्हती. फलक लावण्याआधी पाण्याची सोय करणे भाग होते. ती कशी झाली ते शेवटी सांगतो.

तिसऱ्या उदाहरणात संक्षेपाने आशयच बदलला होता, म्हणून ते मला सर्वांत बोधप्रद वाटते. क्षारपरीक्षणाच्या प्रात्यक्षिकात हायड्रोजन सल्फाइड वायू लागतो. किपच्या उपकरणातून तो काढतात. कुजक्या अंड्यांसारखा त्याचा वास सर्वांच्या ओळखीचा आहे. दस्तऐवजात या वायूवर अर्धे पान होते. मी त्याचे केले : 'कुजक्या अंड्यांचा वास आला तर बाहेर जा.' सात शब्दांचे वाक्य, सोपे, आज्ञार्थी. प्राध्यापकांनी वाचले आणि मान हलवली. या वायूची गंमत, जर गंमत म्हणता आली तर, अशी की अत्यल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो. पण प्रमाण वाढून दशलक्ष भागांत शंभराच्या घरात गेले की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. वास येईनासा होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खोलगट, बंद जागेत साचून राहतो. म्हणजे माझे वाक्य वाचणारा मुलगा वास थांबल्यावर काय समजेल? धोका टळला, आत जाऊन वही घेऊन यावी. अर्धे पान गाळताना मी नेमके तेच गाळले होते, जे सामान्य बुद्धीच्या उलट जाते.

यावरून मी स्वतःपुरता एक निकष केला आहे. जो नियम आपल्या सहज प्रवृत्तीशी जुळतो, त्याला कारण जोडण्याची गरज नाही. 'केस बांधा' पुरेसे आहे. जो नियम प्रवृत्तीच्या विरुद्ध जातो, तेथे दोनतीन शब्द अधिक खर्चावेच लागतात. म्हणून ती ओळ अशी झाली : 'कुजक्या अंड्यांचा वास? सगळे बाहेर. वास थांबला तरी आत नको.' फलकावरील ही सर्वांत लांब ओळ आहे आणि ती तशीच राहावी, असे मी म्हणेन. अर्थात या ओळीने खिडक्या उघडत नाहीत आणि वायू बाहेर ओढणारा पंखाही चालू होत नाही. तो बंद असेल तर किपचे उपकरण त्या दिवशी वापरू नये. पण हा निर्णय प्राध्यापकांचा, म्हणून तो फलकावर नाही.

उरलेल्या ओळींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पूर्ण फलक असा झाला :

चष्मा आधी, बाटली नंतर.
केस बांधा. ओढणी आवळा.
आधी पाणी, मग ॲसिड. हळूहळू, ढवळत.
परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही नको. तुमच्याकडेही नको.
अंगावर ॲसिड? लगेच नळाखाली. १५ मिनिटे. घड्याळ बघा.
कुजक्या अंड्यांचा वास? सगळे बाहेर. वास थांबला तरी आत नको.

पहिल्या ओळीत 'सुरक्षा-उपनेत्र' लिहावे असा एक आग्रह झाला होता. तो शब्द उच्चारून पाहा, म्हणजे मी तो का मान्य केला नाही हे कळेल. 'काळजी घ्यावी', 'दक्षता बाळगावी', 'सावध राहावे' ही वाक्ये फलकावर कोठेच नाहीत. ज्या वाक्याने हाताला काही कृती सुचत नाही, ते कितीही आदरणीय असले तरी प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्याला जागा देऊ नये. सातवी ओळ तोंडाने पिपेट न ओढण्याविषयी होती. रबरी फुगे विकत घेतल्यावर ती काढून टाकली. फुगा हातात दिला की सूचनेची गरज राहत नाही.

फलकाची परीक्षाही वाचून घेऊन केली नाही. 'वाचलेत का?' असे विचारले की सर्व जण होकार देतात. आम्ही फलक झाकला आणि एकेकाला बोलावून म्हटले, "तुझ्या मनगटावर आत्ता ॲसिड पडलं आहे. काय करशील?" तोंडी उत्तर स्वीकारले नाही, करून दाखवायला सांगितले. पहिल्या दिवशी दोन मुली प्रथम दप्तरातून रुमाल काढू लागल्या, आणि एक मुलगा आम्हालाच विचारत उभा राहिला. फलक तोवर दाराच्या बाजूच्या भिंतीवर होता, म्हणजे टेबलाशी उभ्या असलेल्या मुलांच्या पाठीशी. तो नळाच्या वर हलवला. आपण जेथे राहता वा काम करता तेथील एखादी सूचना याच रीतीने तपासून पाहावी : ती झाकावी, आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याला कृती करून दाखवायला सांगावे.

पाण्याचे उत्तर परिचरांनीच काढले. फलकाखाली विटांच्या ओट्यावर २०० लिटरचे पिंप बसवले आहे, त्याला खालच्या बाजूस तोटी आहे आणि तोटीखाली मोरी. पिंप नवे घेतले. वसाहतीतून भंगारात येणारी निळी पिंपे स्वस्त मिळतात, पण त्यांत पूर्वी काय होते हे कोणी सांगू शकत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी ते भरतात आणि झाकणावर खडूने तारीख घालतात. मागच्या एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा नळ कोरडा होता, पिंप भरलेले होते आणि झाकणावर त्याच दिवसाची तारीख होती. फलकावरील 'नळाखाली' हा शब्द खोडून कोणी पेनाने 'तोटीखाली' असे लिहिले होते. दुरुस्ती योग्य होती. नव्या छपाईत ती घेतली आहे.